आता नवीन काही नाही

दहावीच्या बीजगणिताचा पेपर उद्यावर आला की बिबवेवाडीतल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे संध्याकाळी जी मुलं उभी असतात, त्यांतलं एकही स्वतःच्या वहीची झेरॉक्स काढायला आलेलं नसतं. प्रत्येकाला दुसऱ्याची वही हवी असते. ज्या मुलानं जूनपासून अर्थनियोजनाचं प्रकरण उघडलेलं नाही, तो त्या प्रकरणाच्या पानापानाचे पैसे मोजतो, कागद गरम आहेत तोवर छातीशी धरतो आणि अर्धं प्रकरण झाल्याच्या समाधानात घरी जातो. उरलेलं अर्धं रात्री जेवण झाल्यावर करायचं असतं.

मी घरच्या घरी दहावीच्या गणिताचे क्लास घेते. ‘शेवटच्या दिवशी नवीन काही काढू नका’ हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की मुलं ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतात. या वाक्याशी सगळे सहमत असतात. आया मान डोलावतात, वडील ‘मी हेच सांगत होतो’ म्हणतात, मुलं ‘हो बाई’ म्हणतात, आणि रात्री साडेदहाला त्याच मुलांचे मेसेज येतात की बाई, जीएसटीचं एकच उदाहरण समजावून द्या. चूक मुलांची नाही. वाक्यात काय करायचं नाही ते आहे; काय करायचं ते नाही. चोवीस तास मोकळे सोडले आणि वर परीक्षा टांगली की माणूस काहीतरी करणारच, आणि हाताशी सगळ्यात जवळ असतं ते न केलेलं प्रकरण. ते बिचारं वर्षभर वाट बघत बसलेलं असतं.

म्हणून आमच्या ताईच्या मुलाचा आदला दिवस मी माझ्याकडे मागून घेतला. ताई आमच्याच सोसायटीत राहते, त्यामुळे भाचा सकाळी अकराच्या आत वही-पुस्तकं घेऊन हजर झाला. दुसऱ्या दिवशी पेपर सुरू होणार होता तो अकरालाच, म्हणजे बरोबर चोवीस तास हातात. परिस्थिती अशी: बीजगणिताची प्रकरणं सहा. त्यातली रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, श्रेढी, संभाव्यता आणि सांख्यिकी ही पाच कमी-जास्त झालेली. सहावं अर्थनियोजन, म्हणजे जीएसटी, शेअर, दलाली, म्युच्युअल फंड, हे कोरं. शाळेत ते शिकवलं तेव्हा हा तापानं आडवा होता आणि उठल्यावर दोघांनीही एकमेकांची चौकशी केली नाही.

‘‘मावशी, आज फक्त अर्थनियोजन संपवून टाकू. बाकी येतंच मला.’’

या वाक्यातला ‘संपवून टाकू’ हा भाग मला मान्य नव्हता आणि ‘बाकी येतंच’ हा भाग तपासायचा होता. आधी दुसरा धरला.

बाकी येतं की नाही हे कळायची एकच रीत मला ठाऊक आहे. पुस्तकातलं उदाहरण वाचायचं, त्याखालचं उत्तर हातानं झाकायचं आणि पहिली ओळ लिहायची. पूर्ण सोडवायचं नाही, फक्त पहिली ओळ. ती आपोआप आली तर तो प्रकार पक्का. पेन थांबलं, पण दोन मिनिटांनी सुचलं, तर डळमळीत. पेन थांबलं आणि मान वर झाली, तर कोरा. झाकलेला हात हळूच बाजूला सरकवून ‘हां, हे तर येत होतं’ असं म्हटलं, तर तोही कोराच. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते, कारण पुढची ओळ समोरच छापलेली असते. त्या पटण्याला मुलं ‘झालं’ म्हणतात आणि पालक ‘रिव्हिजन’.

या चाळणीतून आमच्या भाच्याचं पक्कं बरंच निघालं, ही आनंदाची गोष्ट. क्रेमरची पद्धत, सूत्रानं वर्गसमीकरण, श्रेढीचं nवं पद, फासे आणि नाणी. डळमळीत निघालं ते मध्यक आणि बहुलक, श्रेढीतली शाब्दिक उदाहरणं आणि पूर्ण वर्ग पद्धत. कोरं एकच, अर्थनियोजन. डळमळीत प्रकार मी एका कागदावर लिहिले. कोऱ्याची झेरॉक्स त्याच्या दप्तरात होतीच; ती मी काढून देवघराखालच्या खणात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. नाट्य जरा जास्त झालं, पण पंधराव्या वर्षी साध्या विनंतीला कोणी भीक घालत नाही.

‘‘पण मावशी, अख्खं प्रकरण सोडायचं?’’

इथे बोर्डाचीच मदत घ्यावी लागते. बीजगणिताचा पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. पण पेपरात छापलेल्या सगळ्या प्रश्नांचे गुण मोजा, ते 60 भरतात. पहिल्या प्रश्नाचे आठ गुण सक्तीचे: चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे. त्यानंतर बोर्ड जेवणावळीतल्या यजमानासारखं आग्रहानं वाढत जातं. तीनपैकी दोन कृती, पाचपैकी चार उदाहरणं, दोनपैकी एक कृती, मग तीन गुणांच्या चारपैकी दोन, चार गुणांच्या तीनपैकी दोन आणि शेवटी दोनपैकी एक. पर्यायांसकट अर्थनियोजनाच्या वाट्याला येतात साधारण आठ गुण. सांख्यिकी, रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणं यांच्या वाट्याला प्रत्येकी बारा. म्हणजे अर्थनियोजनाकडे पाठ फिरवली तरी ताटात 52 गुण उरतात, आणि खायचे आहेत 40.

हिशोब इतका गोड नाही, हेही त्याला सांगितलं. सक्तीच्या पहिल्या प्रश्नात अर्थनियोजनाचा एखादा गुण असणार, आणि तो बहुपर्यायीत आला तर अंदाजानं एक अक्षर लिहून यायचं, कारण चुकल्याला गुण कापत नाहीत आणि रिकाम्या जागेला देत नाहीत. शिवाय प्रत्येक प्रश्नातली निवड त्या प्रश्नापुरती. चार गुणांच्या तीन उदाहरणांतलं एक अर्थनियोजनाचं निघालं, की उरलेली दोन्ही सोडवलीच पाहिजेत. तिथे लाड नाहीत. म्हणून जी पाच प्रकरणं येतात ती लंगडी असून चालणार नाही. ज्या मुलाची सहापैकी चार प्रकरणं कोरी आहेत, त्याला हे गणित लागू नाही. त्याच्यासाठी वेगळी आणि जास्त उदास गणितं आहेत.

भाचा गप्प झाला. त्याला पटलं होतं की तो फक्त खणाकडे बघत होता, हे मला कळलं नाही.

अकराला मी त्याच्यापुढे मागच्या एका वर्षाची प्रश्नपत्रिका ठेवली. अकरा ते एक. पंखा, पाणी, घड्याळ, मोबाइल माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी ज्या वेळी डोकं चालवायचं, त्याच वेळी आज चालवायचं. गेले पंधरा दिवस हा मुलगा रात्री एकपर्यंत जागून सकाळी दहाला उठत होता, आणि अशा माणसाच्या डोक्यात अकरा वाजता अजून चहा चाललेला असतो. खुर्चीही जेवणाच्या टेबलाची दिली. पलंगावर लोळून सोडवलेलं गणित बाकावर बसून सोडवताना पाठ दुखते आणि पाठ दुखली की ऋण चिन्ह निसटतं, असा माझा अनुभव आहे. वैद्यकीय आधार मागू नये.

पेपरात त्याला बरे गुण पडले. पण मला गुणांत रस नव्हता, चुकांत होता, कारण आदल्या दिवशी चूक हीच कामाची वस्तू असते. बरोबर आलेल्या उदाहरणांना मी हातही लावला नाही, यावर तो जरा नाराज झाला. कौतुक उद्या एकनंतर.

सगळ्यात मोठी चूक मध्यकात होती. ती सांगते, कारण दरवर्षी माझ्याकडची अर्धी मुलं हीच करतात. उदाहरण असं होतं: 40 मुलांचे गुण. 0–10 मध्ये 4 मुलं, 10–20 मध्ये 8, 20–30 मध्ये 12, 30–40 मध्ये 10 आणि 40–50 मध्ये 6. सूत्र त्याला तोंडपाठ होतं:

मध्यक = L + [(N/2 − cf) / f] × h

N/2 म्हणजे 20. संचित वारंवारता 4, 12, 24, 34, 40. विसावा मुलगा 20–30 या वर्गात बसतो, म्हणून L = 20, f = 12, h = 10. इथवर सुंदर. मग cf म्हणून त्यानं 24 घेतलं, कारण ते त्याच ओळीत समोर बसलं होतं. 20 उणे 24 म्हणजे उणे 4. बाराने भागून दहाने गुणलं आणि उत्तर काढलं 16.67. त्याखाली दोन रेघा, आत्मविश्वासानं.

खरं तर cf घ्यायची ती मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची, म्हणजे 12. मग 20 + (8 ÷ 12) × 10 = 26.67. हे कितीही वेळा सांगितलं तरी मूल परीक्षेत समोरचाच आकडा उचलतं. म्हणून मी ‘आधीची घे’ असं पुन्हा सांगितलं नाही. त्याला विचारलं, ‘‘मध्यक कुठल्या वर्गात आहे असं तू लिहिलंस?’’

‘‘वीस-तीसमध्ये.’’

‘‘आणि उत्तर?’’

त्यानं 16.67 कडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आपल्याच लिहिण्यात चोर सापडल्यासारखा चेहरा झाला. वर्ग वीस ते तीस आणि मध्यक सोळा. म्हणजे मुलगा एका घरात आणि पत्ता शेजारच्या घराचा. कंसात ऋण आकडा आला की तिथेच थांबायचं, हेही त्याला स्वतःलाच सापडलं. सूत्र चुकलं तर कळायला पुस्तक लागतं, उत्तर चुकलं हे कळायला अशी एक खूण पुरते, आणि ती परीक्षा हॉलमध्ये नेता येते. कोणी पकडत नाही.

मग आम्ही दुपारभर अशा खुणाच गोळा केल्या. वर्गसमीकरणाची दोन मुळं आली की त्यांची बेरीज करून −b/a शी ताडून पाहायची. b आधीच ऋण असेल तर −b धन होतो, ही बहुतेकांची दुखरी नस. क्रेमरनं x, y काढले की दिलेल्या दुसऱ्या समीकरणात घालून बघायचे, कारण समीकरण ax + by = c या रूपात न आणता निश्चयक मांडला तर चिन्ह उलटतं आणि तरीही उत्तर दिसायला अगदी शहाणं दिसतं. श्रेढीत ‘4 ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती’ असं आलं, की 12 पासून 96 पर्यंत. फरक 84, भागिले 4 म्हणजे 21, आणि हा 21 वर थांबला. बोटं मोजून दाखवावी लागली: 12, 16, 20 या तीन संख्या, पण 20 उणे 12 भागिले 4 मात्र दोन. अधिक एक करायचा राहतो. उत्तर 22.

दुपारी दोनच्या सुमारास दाजी घरी आले. दाजींचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. पहाटे जातात, दुपारी जेवायला येतात आणि मग ज्या विषयात त्यांचं लक्ष वर्षभर नव्हतं त्या विषयात लक्ष घालतात. पेपर उद्या आहे कळल्यावर ते खुर्ची ओढून बसले.

‘‘काय राहिलंय रे?’’

‘‘अर्थनियोजन. पण मावशीनं कुलूप लावलंय.’’

‘‘कुलूप? अगं, जीएसटी म्हणजे आपला धंद्याचा विषय. तासाभरात समजावतो.’’

एका प्रामाणिक बापाचा उत्साह मोडायचा नव्हता, पण मी विचारलं, ‘‘दाजी, तुम्ही ताज्या कांद्यावर जीएसटी किती भरता?’’

दाजी थांबले. ताज्या भाजीपाल्यावर जीएसटी नाही. इतक्या वर्षांत त्यांनी कांद्यावर एक पैसा जीएसटी लावला नव्हता आणि इनपुट टॅक्स क्रेडिट हे नाव त्यांनी त्यांच्या सीएच्या तोंडूनच काय ते ऐकलं असेल. तरी ते म्हणाले, ‘‘नुसती नजर टाकू दे ना त्याला. नजर टाकली तर काय बिघडतं?’’

बिघडतं, हे दाखवायला मला पार जर्मनीत जावं लागलं. 1900 साली ग्योटिंगेन विद्यापीठातल्या म्यूलर आणि पिल्त्सेकर या दोघांनी लोकांना निरर्थक अक्षरांच्या जोड्या पाठ करायला लावल्या. पहिली यादी पाठ झाल्यावर लगेच दुसरी यादी दिली की पहिलीतलं कमी आठवायचं. मध्ये थोडी उसंत दिली की जास्त. नुकतं शिकलेलं डोक्यात बसायला वेळ लागतो आणि त्या वेळात वरून नवं ओतलं की जुनं हलतं, असा त्यांचा निष्कर्ष. दाजींना मी एवढं सांगितलं नाही. मी म्हटलं, ‘‘दाजी, नुकत्या उतरवलेल्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा माल टाकला तर?’’ ते लगेच म्हणाले, ‘‘खालचा कुस्करतो.’’ जर्मनीचं काम मार्केट यार्डात झालं.

पण पुरावा त्याहून जवळ होता. भाच्यानं सकाळी माझ्याकडे यायच्या आधी घरी त्या झेरॉक्सवर नजर टाकलीच होती. दर 18 टक्के असेल तर केंद्राचे 9 आणि राज्याचे 9, एवढंच वाचलं होतं. आणि मग अकराच्या पेपरात श्रेढीच्या बेरजेचं सूत्र लिहिताना n/2 नंतर चौकटी कंसातलं सगळंसुद्धा दोननं भागून ठेवलं होतं. ‘‘अर्धं करायचं असतं असं काहीतरी डोक्यात होतं,’’ हा त्याचा खुलासा. राज्य सरकारचा वाटा श्रेढीत जमा झाला.

दाजींनी ते पान पाहिलं आणि खुर्ची जागेवर ठेवली.

संध्याकाळचे पाच ते आठ हे मला कायम सगळ्यात धोक्याचे तास वाटतात. डळमळीत प्रकारांची एकेक-दोनदोन उदाहरणं झालेली असतात, नवी काढायची नसतात आणि मूल मोकळं असतं. त्याच वेळी क्लासच्या ग्रुपवर ‘शेअरवर चार मार्कांचं येणारच, खात्रीची बातमी’ असा मेसेज फिरतो. ही बातमी दर वर्षी येते, दर वर्षी वेगळ्या प्रकरणाबद्दल असते आणि दर वर्षी कोणाच्या तरी मामाकडून आलेली असते. बोर्डात इतके मामा नाहीत. मी भाच्याला सरळ हातांचं काम दिलं: दप्तर भर.

हे काम वाटतं तितकं क्षुल्लक नाही. बीजगणिताला कंपास कशाला, असं म्हणून मुलं तो घरी ठेवतात आणि मग वृत्तालेख काढायला कोनमापक मागत फिरतात, जो परीक्षा हॉलमध्ये मागता येत नाही. आयतालेखाला पट्टी हवी, टोक केलेल्या दोन पेन्सिली हव्यात. पेनं चार, सगळी आजवर वापरलेली. ‘परीक्षेसाठी’ म्हणून आजोबांनी दिलेलं नवं सोनेरी पेन घरी राहील. कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून रात्री फक्त एकदा 20 पर्यंतचे वर्ग म्हणून घेतले. प्रवेशपत्र प्लास्टिकच्या पाकिटात, पाण्याची बाटली पारदर्शक आणि साधं काट्यांचं घड्याळ, कारण भिंतीवरचं घड्याळ मागच्या बाकावरच्यांना दिसत नाही. मग आम्ही दोघं केंद्रापर्यंत चालत जाऊन आलो. रस्ता त्याला माहीत होता. पण सकाळी साडेदहाला केंद्रात हजर व्हायचं तर घरातून किती वाजता निघायचं आणि गंगाधाम चौकाकडची वाहतूक कुठून चुकवायची, याचा वाद रस्त्यावरच मिटवलेला बरा. सकाळी घरात तो मिटत नाही, वाढतो.

रात्रीच्या जेवणाला ताईनं पावभाजीचा बेत केला होता, ‘‘बिचारा दिवसभर अभ्यास करतोय’’ म्हणून. मी आमटी-भात मागितला. नवीन प्रकरण नको, तसं नवीन पावभाजीही नको.

नऊला कोंढवा रस्त्याकडून वरात आली. बिबवेवाडीत फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नाचा मुहूर्त आणि बोर्डाचं वेळापत्रक एकच पंचांग बघून काढतात, अशी माझी जुनी शंका आहे. डीजेनं खिडकीच्या काचा मोजल्या. भाचा म्हणाला, ‘‘एवढ्या आवाजात झोप येणारच नाही, मग जागाच आहे तर थोडं अर्थनियोजन...’’ या पोराची चिकाटी शेअर बाजारात उपयोगी पडेल. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद व्हायला हवेत असा नियम आहे आणि त्या दिवशी तो पाळलाही गेला. एरवी खात्री देत नाही. दहापर्यंत आम्ही एकच गोष्ट केली. कोऱ्या कागदावर त्यानं आठवणीतून सगळी सूत्रं लिहिली, मी पुस्तकाशी ताडली, दोन चुकली, ती लाल पेननं पुन्हा लिहिली आणि कागद घडी करून उशाशी. कागद उशाशी ठेवल्यानं काही होत नाही. झोपल्यानं होतं.

1924 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून झोपणाऱ्याला आणि पाठ करून जागं राहणाऱ्याला किती आठवतं ते मोजलं. झोपणाऱ्याला ठळक जास्त आठवलं. प्रयोगात विद्यार्थी दोनच होते, पण पुढे अनेकांनी अनेक प्रकारे हेच तपासलं आणि मोठ्या मानानं झोपेची बाजू टिकली. भाच्याला मी एवढंच सांगितलं की अमेरिकेत झोपायचा अभ्यासक्रम आहे. तो ताबडतोब झोपला. ताई मात्र एकपर्यंत जागी होती. कोणीतरी जागायलाच हवं, असं तिचं म्हणणं.

सकाळी सहाला उठवलं. अंघोळ, पोहे, मग तासभर फक्त तो लाल-निळा कागद आणि मध्यकाचं एक उदाहरण, खात्रीनं येणारं. पेपरच्या सकाळी सोडवायचं उदाहरण हे हात गरम करायला असतं. ते अवघड निवडलं आणि अडकलं, तर पोरगा अडकलेला हात घेऊनच केंद्रात जातो.

केंद्राच्या फाटकाबाहेर सव्वादहाला जे चालतं त्याला मी गणिताची मंडई म्हणते. प्रत्येक मूल दुसऱ्याला असं काहीतरी विचारत असतं जे दुसऱ्याला येणार नाही. ‘‘अवमूल्यानं घेतलेला शेअर केलास का?’’ एवढं एकच वाक्य पाच मुलांना कोरं करायला पुरतं. भाच्याला मी समोरच्या झाडाखाली उभं केलं आणि त्याच्या मित्राला त्याच्याशी क्रिकेटवर बोलायला सांगितलं. मित्र म्हणाला, ‘‘काकू, मी म्युच्युअल फंड करतोय,’’ आणि रस्त्यात उभ्यानंच पुस्तक उघडून बसला. पहिल्या पानापासून.

आत गेल्यावरचं एवढंच सांगून ठेवलं होतं: पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी हातात यायचा, 2023 पासून ती दहा मिनिटं शेवटी मिळतात. म्हणजे एक वाजता घाबरायचं नाही, एक दहाला पेपर जातो. त्या दहा मिनिटांत एकही नवं उदाहरण सुरू करायचं नाही. फक्त खुणा लावायच्या. मध्यक वर्गात आहे का, मुळांची बेरीज जुळते का, श्रेढीत अधिक एक केला का.

तो दीडला घरी आला. मध्यक आला होता, वर्ग तपासून. शेअरवरही एक उदाहरण आलं होतं, चार गुणांच्या तिनांतलं, पण त्याला त्याची गरज लागली नाही. उरलेली दोन त्यानं सोडवली. पहिल्या प्रश्नातला जीएसटीचा एक गुण ‘ब’ लिहून आला. बरोबर होता की नाही हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही, कारण मग तो अंदाजांवर विश्वास ठेवायला लागेल.

गमतीची गोष्ट दाजींची. पेपर झाल्यावर मी खण उघडला, तर ती झेरॉक्स त्यांनीच मागून नेली. रात्री ताईचा फोन आला, भूमितीचा पेपर परवा आहे आणि मुलगा वेळेवर झोपलाय, पण हे अजून दिवाणखान्यात दिवा लावून बसलेत. मागून दाजींचा आवाज येत होता, ‘‘शेअरच्या दलालीवर अठरा टक्के जीएसटी? अगं, विचार तिला, दलालीवर की पूर्ण रकमेवर?’’